‘सरासरी पॅकेज ८ लाख’: सरासरी बघावी, मध्यक की प्रमाण विचलन?

मुलीला कोणत्या इंजिनिअरिंग कॉलेजात घालायचं हे ठरवताना माहितीपत्रकातल्या ‘सरासरी पॅकेज’वर नजर जातेच. समजा, तिथे ८ लाख लिहिलंय आणि नोकरी लागलेल्या दहा जणांचे आकडे लाखांत असे आहेत: ३, ३, ३.५, ३.५, ४, ४, ४.५, ५, ५.५ आणि ४४.

बेरीज ८०, म्हणून सरासरी ८. हिशेब चोख आहे, पण ८ लाखांच्या आसपास पगार दहांपैकी एकालाही नाही. मध्यकासाठी आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्यायचा; मधले दोन असतील, तर त्या दोघांची सरासरी. इथे पाचवा आणि सहावा दोन्ही ४, म्हणून मध्यक ४. शेवटच्या मुलाला ४४ लाखांऐवजी १ कोटी मिळाले, तर सरासरी १३.६ वर जाईल. मध्यक जागचा हलणार नाही.

प्रमाण विचलन या दोघांच्या पंगतीतलं नाहीच. आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत, एवढंच ते सांगतं. प्रत्येक आकड्याचं सरासरीपासूनचं अंतर घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा, त्या वर्गांची सरासरी काढून वर्गमूळ घ्यायचं. इथे वर्गांची बेरीज १४४६ येते आणि त्यातले १२९६ एकट्या ४४ चे आहेत. वर्ग केल्यामुळे लांबचा आकडा असा सगळ्यांना झाकून टाकतो. प्रमाण विचलन येतं सुमारे १२. आता ८ मधून १२ वजा करा: उणे ४ लाख! पगार उणे असू शकत नाही. म्हणजे आकडे एका बाजूला कललेत आणि ‘सरासरी अधिक-उणे विचलन’ हे वर्णन इथे लागू पडत नाही. तो एक मुलगा वगळून पाहिलं, तर सरासरी ४ आणि विचलन जेमतेम ०.८.

अशा वेळी मी मध्यकासोबत चतुर्थकं मागते. खालच्या पाचांचा मध्यक ३.५, वरच्या पाचांचा ५. म्हणजे मधल्या निम्म्या मुलांचा पगार साडेतीन ते पाच लाखांत आहे, आणि आपली मुलगी बहुधा तिथेच असेल.

सरासरी मात्र टाकाऊ नव्हे. एकूण रक्कम हवी असेल तिथे तीच लागते: ८ गुणिले १० म्हणजे ८०, मध्यकाने ४० च भरतील. उलट, निम्म्यांना ३ आणि निम्म्यांना १२ लाख असतील, तर मध्यक साडेसात येतो आणि तोही कुणाचाच पगार नसतो.

केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी कॉलेजं जी माहिती देतात, तिच्यात पगाराचा मध्यक असतो आणि शेजारीच किती जणांना नोकरी लागली तेही. माहितीपत्रकातल्या सरासरीशेजारी तो मध्यक ठेवा. सरासरी दुप्पट दिसली, तर कॉलेजला फोन करून सर्वांत मोठी दोन पॅकेजं वगळून सरासरी किती येते ते विचारा.