आधी क्वोशंट रूल की आधी प्रॉडक्ट?

नागपूरच्या बारावीतल्या एका विद्यार्थिनीला याचं डेरिव्हेटिव्ह काढताना पडलेला प्रश्न:

`y = x⁴ + x·e^(2x)/(x²+1)`

किंमत काढताना बेरीज शेवटी येते, म्हणून सम रूल सर्वांत आधी. `x⁴` चे `4x³` बाजूला ठेवा. पुढे दोन वाटा.

क्वोशंट रूल: अंशाला प्रॉडक्ट रूल, त्यातच `e^(2x)` ला चेन रूल, म्हणजे `e^(2x)(1+2x)`. मग

`y' = 4x³ + e^(2x)[(1+2x)(x²+1) − 2x²]/(x²+1)²`

कंस सोडवला की `2x³−x²+2x+1`. इथे वजाबाकीचा क्रम उलटला की चिन्ह बिघडतं.

छेद `(x²+1)^(-1)` करून प्रॉडक्ट रूल: चिन्ह आपोआप येतं, पण आतला `2x` हमखास सुटतो. शिवाय तीन पदांचा छेद समान करावा लागतो.

`x=1` ला दोन्हीकडे `4+e²` यायला हवं. `x=0` घेऊ नका, तिथे सुटलेला `2x` लपतो.

सोपं रूप हवं असेल तर क्वोशंट. फक्त एका बिंदूवर किंमत हवी असेल तर प्रॉडक्ट बरा.