मिनिटाच्या कॅंडलवरून व्हॉल्यूम प्रोफाइल: सगळं वजन क्लोजवर टाकायचं की हाय-लोमध्ये पसरायचं?

टिक डेटा हाताशी असेल तर हा प्रश्न येतच नाही. प्रत्येक सौदा कोणत्या भावाला झाला ते ठाऊक असतं, त्या भावाच्या कप्प्यात तो मोजायचा आणि मोकळं व्हायचं. पण आपल्यापैकी बहुतेकांकडे एक मिनिटाच्या कॅंडलचाच डेटा असतो. एनएसईवर सव्वानऊ ते साडेतीन म्हणजे दिवसाला ३७५ कॅंडल, आणि प्रत्येकीत चार भाव व एक व्हॉल्यूमचा आकडा. त्या मिनिटात तो व्हॉल्यूम कुठल्या भावाला किती झाला, हे कॅंडल सांगत नाही. ते आपणच गृहीत धरायचं असतं, आणि पीओसी, म्हणजे सर्वाधिक व्हॉल्यूमचा भाव, कुठे येणार हे बरंचसं त्या गृहीतकावर ठरतं.

प्रचलित रीती दोन. पहिलीत कॅंडलचा सगळा व्हॉल्यूम एकाच भावावर टाकतात, क्लोजवर किंवा हाय, लो आणि क्लोजच्या सरासरीवर. दुसरीत तो लोपासून हायपर्यंत सारखा पसरतात. पहिली दोन ओळींत लिहून होते आणि झपाट्याने चालते. दुसरीला प्रत्येक कॅंडलमागे एक छोटा लूप लागतो. एवढ्यावरून निवड करायची तर पहिलीच घ्यावी. माझा कौल दुसरीकडे गेला तो सव्वानऊच्या कॅंडलमुळे.

उदाहरणासाठी आठशेच्या आसपासचा एक शेअर आणि एक रुपयाचा कप्पा घेऊ. आकडे बनवलेले आहेत, पण अशी सकाळ नवी नाही. पहिल्या मिनिटात भाव ८०० ते ८०८ फिरला, क्लोज ८०७.५०, व्हॉल्यूम ८०,०००. पुढच्या चार मिनिटांत बाजार शांत झाला:

- ८०४ ते ८०६, क्लोज ८०४.४०, व्हॉल्यूम २४,०००
- ८०३ ते ८०५, क्लोज ८०३.६०, व्हॉल्यूम २०,०००
- ८०४ ते ८०५, क्लोज ८०४.८०, व्हॉल्यूम १८,०००
- ८०३ ते ८०६, क्लोज ८०५.२०, व्हॉल्यूम २४,०००

क्लोजवर टाकलं तर ८०७ च्या कप्प्यात ८०,००० जमा होतात आणि त्याच्या खालोखाल ८०४ मध्ये ४२,०००. म्हणजे पीओसी ८०७, जिथे पहिल्या मिनिटानंतर भाव फिरकलाही नाही. पसरून पाहिलं तर पहिली कॅंडल आठ कप्प्यांत १०-१० हजार देते, आणि बाकीच्यांची भर पडून ८०४ मध्ये ५८,०००, ८०५ मध्ये ३०,०००, ८०३ मध्ये २८,००० होतात. पीओसी ८०४. पाचपैकी प्रत्येक कॅंडल या कप्प्यातून गेली आहे, तेव्हा चार्टकडे नुसतं पाहणाराही बोट तिथेच ठेवील.

सरासरी भाव वापरला की दुखणं कमी होतं, जात नाही. पहिल्या कॅंडलची सरासरी ८०५.१७ येते. म्हणजे ८०५ मध्ये ८०,०००, ८०४ मध्ये ६६,०००, आणि पीओसी अजूनही त्या एकाच कॅंडलच्या हातात. वजन कुठे ठेवायचं हे बदललं, पण ते एकाच जागी ठेवणं काही सुटलं नाही. निकालाच्या दिवशी किंवा शेवटच्या काही मिनिटांत मोठी कॅंडल आली की हाच खेळ पुन्हा होतो.

पसरण्याच्या रीतीतही खोट आहे, ती आधीच सांगितलेली बरी. हाय-लोमध्ये सगळीकडे सारखा व्यवहार झाला हे गृहीतकच आहे. एखाद्या चुकार सौद्याने लांब वात आली तर तिथल्या रिकाम्या भावांनाही फुकटचा वाटा मिळतो. शिवाय रेंजच्या मधल्या भावांवरून जास्त कॅंडल जातात, म्हणून प्रोफाइलला मध्ये थोडं कृत्रिम पोट सुटतं. एकमेकांपासून तीन रुपयांच्या अंतरावर असलेली दोन वेगळी शिखरं, कॅंडलची रेंजच चार रुपये असेल, तर एकमेकांत मिसळून जातील. तरी माझ्या मते ही चूक सहन करण्यासारखी आहे, कारण ती पीओसीला जरा इकडेतिकडे सरकवते. पहिल्या रीतीची चूक त्याला भलत्याच गावी नेऊन ठेवते.

पसरताना मात्र एक आळस करू नये. कॅंडल ज्या कप्प्यांना शिवते त्या सगळ्यांना समान वाटा देऊन बरेचजण मोकळे होतात. कॅंडल ८०४.९० ते ८०६.१० असेल तर ती तीन कप्प्यांना शिवते, पण ८०४ च्या कप्प्यात तिचे फक्त दहा पैसे आहेत. एकशेवीस पैशांपैकी दहा, म्हणजे बारावा भाग. त्याला तिसरा भाग दिला तर कडेचे कप्पे उगाच फुगतात. वाटणी लांबीच्या प्रमाणात हवी:

```python
def add_bar(prof, lo, hi, vol, b):
    if hi == lo:
        prof[lo // b] += vol
        return
    for k in range(lo // b, (hi - 1) // b + 1):
        cut = min(hi, (k + 1) * b) - max(lo, k * b)
        prof[k] += vol * cut / (hi - lo)
```

इथे `prof` म्हणजे `defaultdict(float)`, आणि भाव व कप्पा दोन्ही पैशांत, पूर्णांक. रुपयांचे दशांश ठेवले तर कप्प्याच्या नेमक्या सीमेवरचा भाव कधी वर, कधी खाली पडतो. `hi == lo` ची अट काढली तर सर्किटला चिकटलेल्या शेअरवर शून्याने भागाकार होतो, आणि तो भाव नेमका कप्प्याच्या सीमेवर असेल तर व्हॉल्यूम गुपचूप गळून जातो.

निवड करण्याआधी आपल्याच डेटावर एक परीक्षा घ्यावी: कप्प्यांची सुरुवात अर्ध्या कप्प्याने सरकवा आणि पीओसी पुन्हा काढा. एका कप्प्यापेक्षा जास्त हलला तर तो पीओसी बाजाराचा नसून आपल्या आखणीचा आहे. मी पाहिलं त्यात क्लोजची रीत इथे वारंवार अडखळते, पसरलेली कमी वेळा. कप्पा कॅंडलच्या नेहमीच्या रेंजपेक्षा फार बारीक ठेवला तर क्लोजच्या रीतीत प्रोफाइलला दातासारख्या फटी पडतात. पसरलेल्या रीतीत ते गुळगुळीत दिसतं, पण ती बारकाई खरी नसते. रेंजच्या निम्म्याखाली कप्पा नेऊ नये असं मला वाटतं.

क्लोजची रीत कुठे चालते? कप्पा कॅंडलच्या रेंजएवढा किंवा मोठा असेल तर दोन्हींत फारसा फरक उरत नाही. कित्येक महिन्यांचं एकत्र प्रोफाइल काढताना हजारो कॅंडलमध्ये एखादीचं वजन विरून जातं, तेव्हा शेकडो शेअर एकदम चाळायचे असतील तर तीच वापरा. दिवसाच्या किंवा आठवड्याच्या प्रोफाइलला मात्र मी ती लावणार नाही.

दोन्ही रीतींना सारख्याच नडणाऱ्या गोष्टी वेगळ्या. निफ्टीच्या स्पॉट निर्देशांकाला स्वतःचा व्हॉल्यूम नसतो, तो फ्युचर्सवरून घ्यावा लागतो. बोनस किंवा स्प्लिटनंतर जुने भाव कमी केले तर जुना व्हॉल्यूम त्याच पटीत वाढवायला हवा. एकास एक बोनसला भाव निम्मा, व्हॉल्यूम दुप्पट. प्री-ओपनमधला व्यवहार एकाच भावाला जुळतो. तुमच्या डेटात तो सव्वानऊच्या कॅंडलमध्ये मिसळलेला असेल आणि आकडा वेगळा मिळत असेल, तर तेवढा व्हॉल्यूम काढून ओपनच्या कप्प्यात ठेवा आणि उरलेलाच पसरा.

व्हॅल्यू एरियाचंही, म्हणजे पीओसीभोवती ७० टक्के व्हॉल्यूम सामावणाऱ्या पट्ट्याचंही, एक बघून ठेवा. वरच्या उदाहरणात एकूण १,६६,००० पैकी ७० टक्के म्हणजे १,१६,२००. ८०४ पासून एकेक कप्पा जोडत गेलं तर ८०५ आणि ८०३ धरून १,१६,००० होतात, दोनशे कमी पडतात, आणि पुढे ८०२ व ८०६ दोन्हींत नेमके १०-१० हजार. कोणता आधी घ्यायचा हा नियम कोडमध्ये स्पष्ट लिहा. एकेकाऐवजी दोन-दोन कप्प्यांची बेरीज ताडून पाहण्याचीही पद्धत आहे, त्यामुळे पीओसी जुळूनही तुमच्या कडा दुसऱ्याच्या चार्टशी जुळल्या नाहीत तर आधी हा नियम तपासा.