भाडं गेटवर कापलं जातं की नंतर? प्रवास कार्ड आणि फोन-टॅपमधला फरक

प्रवास कार्ड टेकवा किंवा बँक कार्ड घातलेला फोन, गेट सारखंच उघडतं. फरक हिशेबात आहे, आणि कोणतं वापरायचं हेही त्यावरूनच ठरवावं.

शिल्लक कार्डातच साठवणाऱ्या प्रवास कार्डाची गोष्ट आधी. समजा शिल्लक १०० आहे. सकाळी ८.०५ ला तुम्ही ‘अ’ स्थानकात शिरता. गेट कार्डाच्या चिपमध्ये स्थानक आणि वेळ लिहितं आणि प्रवास ‘सुरू’ अशी खूण करतं. ८.४० ला ‘क’ स्थानकात बाहेर पडताना तिथलं गेट ती नोंद वाचतं, स्वतःजवळच्या भाडेतक्त्यात ‘अ ते क’ शोधतं, ३० वजा करतं, ७० लिहितं आणि खूण मिटवतं. हे सगळं सहसा अर्ध्या सेकंदात उरकतं. त्या क्षणी नेटवर्क बंद असलं तरी अडत नाही. काही ठिकाणी शिरतानाच सर्वाधिक भाडं कापतात आणि बाहेर पडताना फरक परत करतात.

खरी शिल्लक चिपमध्ये असल्यामुळेच ऑनलाइन भरलेले पैसे बऱ्याचदा लगेच दिसत नाहीत. कार्ड गेटला किंवा यंत्राला टेकवल्यावरच ते चिपमध्ये उतरतात. लिहिणं पुरं होण्याआधी कार्ड उचललं, तर गेट उघडत नाही. अशा वेळी तेच कार्ड पुन्हा टेकवून स्थिर धरा, दुसरं काढू नका.

बँक कार्डाच्या टॅपमध्ये गेट भाडं काढतच नाही. कार्ड खरं आहे का आणि नाकारलेल्या कार्डांच्या यादीत आहे का, एवढं ते पाहतं आणि टॅपची वेळ व जागा सर्व्हरला कळवतं. तिथे आत-बाहेरच्या जोड्या लावल्या जातात आणि बऱ्याच ठिकाणी दिवसाची बेरीज करून एकच रक्कम खात्यातून जाते. दिवसाची कमाल मर्यादा असेल तर ती इथे आपोआप लागू करणं सोपं जातं.

गडबड होते ती जोडी लावताना. फोनमधल्या कार्डाला स्वतःचा वेगळा क्रमांक असतो, घड्याळातल्याला आणखी वेगळा. त्यामुळे फोनने शिरून घड्याळाने किंवा प्लास्टिकच्या कार्डाने बाहेर पडलात, तर सर्व्हरला दोन अर्धवट प्रवास दिसू शकतात आणि दोन्हींवर कमाल भाडं लागू शकतं. खात्यात अनपेक्षित मोठी रक्कम दिसली तर आधी प्रवासाच्या नोंदीत सुटलेला टॅप शोधा. दुरुस्ती बहुधा तिथूनच मागता येते.

सवलत असेल किंवा खर्च भरलेल्या रकमेपुरताच ठेवायचा असेल, तर प्रवास कार्ड घ्या, कारण सवलत सहसा त्याच कार्डावर नोंदलेली असते. क्वचित प्रवास करणाऱ्याने शिल्लक अडकवून ठेवण्यापेक्षा फोन वापरावा. मात्र बॅटरी पुरेशी ठेवा, कारण वाटेत फोन बंद पडला तर बाहेरचा टॅप राहून जाऊ शकतो. फोनच्या कव्हरमध्ये दुसरं कार्ड ठेवत असाल तर तेही काढा. गेट फोनऐवजी तेच वाचू शकतं.