आठ महिने चॅटबॉट आणि डेव्हलपरचं साडेतीन पानी पत्र: आमच्या हॉस्पिटलचा अनुभव

मी सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका ३० खाटांच्या हॉस्पिटलची व्यवस्थापक आहे. गेले आठ महिने आमच्या रिसेप्शनच्या व्हॉट्सॲप नंबरवर चॅटबॉट चालू आहे. तो तयार केला विट्याच्या एका फ्रीलान्स डेव्हलपरनी. काम सुरू करायच्या आधी, कोटेशनसोबत, त्यांनी मला साडेतीन पानांचं मराठी पत्र दिलं होतं. बॉट काय करेल आणि काय करणार नाही, एवढाच त्याचा विषय. बॉटबद्दल लिहायचं तर त्या पत्रापासूनच सुरुवात करावी लागते, कारण या आठ महिन्यांत जे बरं झालं आणि जे चुकलं, ते जवळजवळ सगळं त्यातल्या कुठल्या ना कुठल्या ओळीशी येऊन थांबतं.

पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा परिच्छेद असा होता: "मॅडम, हा बॉट स्वतः वाक्य रचणार नाही. तुम्ही आणि डॉक्टरांनी लिहून, वाचून, सही करून दिलेली उत्तरंच तो पाठवेल. आलेला मेसेज त्यांपैकी कोणत्या उत्तराचा आहे, एवढंच ओळखणं त्याचं काम. ओळखता आलं नाही तर तो मेसेज रिसेप्शनला देईल आणि रुग्णाला तसं कळवेल."

खरं सांगायचं तर मला तेव्हा हे कमी वाटलं होतं. दुसऱ्या एका विक्रेत्यानं दाखवलेला बॉट छान सलग मराठीत बोलत होता. मी तसं म्हटल्यावर डेव्हलपरनी पत्राला आणखी अर्धं पान जोडलं, तेव्हा कुठे ते साडेतीन पानांचं झालं. सलग बोलणारा बॉट आपल्या हॉस्पिटलनं कधीच न सांगितलेली गोष्टही तितक्याच सलगपणे सांगू शकतो, हे एक कारण. दुसरं कारण नियमाचं. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलंय की कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेनं रुग्णाला सल्ला द्यायचा नाही आणि औषधही लिहून द्यायचं नाही, ते नोंदणीकृत डॉक्टरचंच काम. म्हणून ओपीडीच्या वेळा, कुठल्या दिवशी कोणते डॉक्टर, महात्मा फुले योजनेसाठी कोणती कागदपत्रं, तपासणीची तयारी, एवढंच बॉटकडे. गोळी, डोस, दुखणं यांपैकी काहीही आलं की माणूस.

उत्तरं लिहायला आम्हाला सहा आठवडे लागले, आणि त्या सहा आठवड्यांत मला आमचंच हॉस्पिटल नव्यानं कळलं. पोटाच्या सोनोग्राफीला किती तास उपाशी यायचं, याचं उत्तर रिसेप्शनवर एक, टेक्निशियनकडे दुसरं आणि वॉर्डात तिसरं दिलं जात होतं. शेवटी रेडिओलॉजिस्टनी सहा तास लिहून सही केली. अशी ५८ उत्तरं झाली.

पत्रात एक मागणी आमच्याकडेही होती: "रुग्ण त्रास कसा सांगतात ते मला पुस्तकी मराठीत नको. कॅज्युअल्टीतल्या सिस्टरनी ऐकलं तसं लिहून द्या." आमच्या सीनियर सिस्टरनी वहीची चार पानं भरली. "जीव घाबरा होतोय" म्हणजे भीती वाटते असं नाही, छातीत धडधड किंवा श्वास कमी पडतोय असं असू शकतं. "कळ मारतीया", "डोळ्यापुढं अंधारी", "हातापायाला मुंग्या". त्या वहीतली एक ओळ वाचून डेव्हलपर गप्पच झाले होते: "औषध पिलंय". आमच्याकडे, विशेषतः द्राक्षबागांच्या भागात, याचा अर्थ फवारणीचं विष पोटात गेलंय. बॉटनं ते गोळ्या-औषधांचा साधा प्रश्न म्हणून रांगेत ठेवलं असतं. ती ओळ आता तातडीच्या यादीत अगदी वर आहे. असा मेसेज आला की लगेच १०८ आणि कॅज्युअल्टीचा नंबर जातो, आणि त्याच क्षणी ड्यूटीवरच्या सिस्टरचा फोन वाजतो.

पहिले तीन महिने बरे गेले. "उद्या डॉक्टर हायत का" या एका प्रश्नाचे फोन इतके कमी झाले, की रिसेप्शनवरच्या मुलीला समोर उभ्या असलेल्या माणसाकडे बघून बोलता यायला लागलं. रोमन अक्षरांत लिहिलेलं मराठीही बॉट बहुतेक वेळा ओळखतो. चौथ्या महिन्यात मात्र जे झालं, ते मला सविस्तर सांगायचंय.

तासगावकडच्या एका बाईंची पोटाची सोनोग्राफी होती. आदल्या संध्याकाळी मुलानं मेसेज केला: "उद्या आईची सोनोग्राफी आहे, खाऊन यायचं का उपाशी? आणि शुगरची गोळी नेहमीसारखी द्यायची का?" बॉटनं तयारीचं उत्तर पाठवलं: सहा तास काही खाऊ नका, जुने रिपोर्ट आणा. गोळीबद्दल त्यात एक शब्द नव्हता. मुलाला वाटलं, हॉस्पिटलनं दोन्ही प्रश्न वाचलेत आणि बदल फक्त खाण्यात सांगितलाय, म्हणजे गोळी नेहमीसारखीच. सकाळी सातला त्यानं आईला गोळी दिली. गोळी ग्लिमेपिराइड होती.

आमच्याकडे त्या दिवशी रांग लांबली. सव्वा अकराला बाईंना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. सिस्टरनी ग्लुकोमीटर लावला, साखर ५२ आली. ७० च्या खाली आली की ती कमीच धरतात. बाई शुद्धीवर होत्या, गिळता येत होतं, म्हणून लगेच ग्लुकोजचं पाणी दिलं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं. साखर वर आली, नंतर खायला दिलं, दुपारपर्यंत त्या ठीक होत्या. सोनोग्राफी दुसऱ्या दिवशी केली. मुलानं तक्रार केली नाही. त्यानं फक्त मोबाईल पुढे केला आणि विचारलं, "मॅडम, मी विचारलं होतं की."

डेव्हलपर त्याच संध्याकाळी विट्याहून आले आणि आम्ही दोघांनी नोंद उघडली. मेसेजपुढे `sono_prep` असा शिक्का होता आणि खात्री ०.९४. खात्री ०.७५ च्या खाली गेली तर मेसेज माणसाकडे जायचा, अशी आमची व्यवस्था होती. ती इथे काहीच कामाची नव्हती, कारण बॉट चुकला नव्हता. मेसेज सोनोग्राफीच्या तयारीचाच होता. पण त्यात दोन प्रश्न होते, आणि बॉटला एका मेसेजला एकच शिक्का मारायला शिकवलं होतं. त्यानं ओळखीचा अर्धा भाग उचलला आणि उरलेल्याबद्दल काहीच न म्हणता मोकळा झाला. रुग्णाला मात्र ते पूर्ण उत्तर वाटलं. पत्रात "ओळखता आलं नाही तर" याची सोय होती. "अर्धंच ओळखलं तर" याची नव्हती. ते त्यांनी स्वतःहून मान्य केलं, आणि बिल लावलं नाही.

मी आधी सुचवलं की गोळीचंही एक उत्तर लिहून टाकू. आमच्या फिजिशियननी ते लगेच मोडून काढलं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या पोटात अन्न असो वा नसो, शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात, म्हणून उपाशीपोटी साखर घसरते. नुसत्या मेटफॉर्मिननं तसं सहसा होत नाही. इन्सुलिन घेणाऱ्याचा हिशेब आणखी वेगळा. म्हणजे "घ्या" आणि "घेऊ नका" ही दोन्ही उत्तरं कुणासाठी तरी चुकीचीच. त्या दिवशी आमची फूटपट्टी ठरली: जे उत्तर समोरच्या माणसागणिक बदलतं ते बॉटच्या यादीत जाणार नाही, प्रश्न कितीही साधा दिसला तरी.

दुरुस्ती दोन ठिकाणी झाली. बॉट आता एका मेसेजला हवे तितके शिक्के मारतो, आणि त्यांत औषध किंवा त्रास यांचा एक जरी असला तरी अख्खा मेसेज माणसाकडे जातो, अर्धं उत्तर आधी पाठवलं जात नाही. जुने मेसेज या नव्या नियमातून पुन्हा फिरवले तेव्हा अशीच अर्धी उत्तरं गेलेले आणखी अकरा निघाले. दुसरी दुरुस्ती बॉटच्या बाहेरची आहे, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. सोनोग्राफीची नोंद घेतानाच आम्ही शुगर विचारतो, त्या रुग्णाला सकाळी साडेआठचा पहिला नंबर देतो आणि गोळीचं डॉक्टरांना विचारून आदल्या दिवशी फोनवर सांगतो.

याची किंमत आहे. माणसाकडे येणारे मेसेज वाढले, रात्री नऊपर्यंत एक माणूस त्यावर बसवावा लागला. त्यातून रविवारचा प्रश्नही निघाला. व्हॉट्सॲपच्या या सेवेत रुग्णाच्या शेवटच्या मेसेजपासून २४ तासच मोकळेपणानं उत्तर देता येतं. त्यानंतर मेटानं आधी मंजूर केलेला ठराविक मजकूरच पाठवता येतो. शनिवारी संध्याकाळी आलेल्या प्रश्नाला सोमवारी सकाळी उत्तर लिहायला गेलं की ते जातच नाही. पत्राच्या तिसऱ्या पानावर हे लिहिलेलं होतं, मीच ते नीट वाचलं नव्हतं. आता रविवारी अकरा वाजता वॉर्ड क्लार्क ती रांग रिकामी करते.

पत्रातल्या दोन नकारांवर मी सुरुवातीला नाराज होते. बॉट रिपोर्ट पाठवणार नाही, हा एक. "फोन नंबर म्हणजे रुग्ण नव्हे," असं त्यांनी लिहिलं होतं, आणि आमच्या नोंदीत खरोखरच एका नंबरवर सासू, सून आणि शेजारची आजी असे तिघींचे केसपेपर निघाले. आता माझी काही हरकत नाही. दुसरा नकार व्हॉइस मेसेजचा. बॉट ते ऐकत नाही, फोन करा म्हणून सांगतो. जतकडचे कन्नड बोलणारे आणि लिहिता न येणारे रुग्ण यात अजूनही मागे राहतात. ही या बॉटची खरी उणीव आहे, आणि त्यावर माझ्याकडे आज फोन उचलणाऱ्या माणसापलीकडे उपाय नाही.

माझं मत विचाराल तर रिसेप्शनवर एकच माणूस आहे म्हणून बॉट घेत असाल, तर घेऊ नका. त्यानं अडवलेले मेसेज उचलायला आधी माणूस हवा. तो असेल तर ओपीडीच्या वेळा, कागदपत्रं आणि तयारी यांसाठी मी हा बॉट पुन्हा घेईन, आणि पत्र लिहून देणाऱ्याकडूनच घेईन. नेमकं तपासायचं काय, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. बॉटनं माणसाकडे दिलेले मेसेज तर वाचले जातातच. आम्ही दर शनिवारी, त्यानं खात्रीनं उत्तर दिलेले ४० मेसेज काढतो, आणि सीनियर सिस्टर प्रत्येकात एकच बघतात: विचारलेलं सगळं उत्तरात आलंय का.

पत्राची दुसरी आवृत्ती गेल्या महिन्यात आली. ती चार पानांची आहे. जास्तीच्या अर्ध्या पानावर त्या मुलाचा मेसेज, नाव आणि नंबर काढून, जसाच्या तसा छापलाय, आणि खाली माझी, फिजिशियनची आणि डेव्हलपरची सही आहे.