माळवदाच्या घरांवर प्रबंध: संदर्भसूचीचा कणा किल्लारीआधीचा की नंतरचा?

लातूर-धाराशिव भागातल्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांवर प्रबंध लिहायला घेतला की सटीप संदर्भसूचीसाठी, म्हणजे प्रत्येक स्रोतावर छोटे टिपण असलेल्या यादीसाठी, दोन वेगळे ढीग समोर येतात. एक ढीग ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाआधीचा: गॅझेटियर आणि जनगणनेची ग्रामसर्वेक्षणे. दुसरा त्यानंतरचा: अभियंत्यांचे अहवाल, पुनर्वसनाचे मूल्यमापन, मानके आणि थोडे प्रबंध. दोन्ही वाचावे लागतातच. पण सूचीचा कणा कोणता ठेवायचा हे सुरुवातीलाच ठरवावे लागते, कारण प्रत्येक टिपणात कोणता प्रश्न विचारायचा हे त्यावरून ठरते.

आधीच्या ढिगापासून सुरुवात करू. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत घरांची वर्णने भरपूर आहेत, पण त्यांत हा भाग नाही. तेव्हा तो निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे १८८४ चा सोलापूरचा खंड हाती येतो आणि बार्शीपलीकडे घरे तशीच असणार असे धरून बरेच जण तो मराठवाड्यासाठी वापरतात. वापरायला हरकत नाही. मात्र टिपणात ‘शेजारच्या जिल्ह्याचे, दुसऱ्या राजवटीतले वर्णन’ असे स्पष्ट लिहिले पाहिजे. तसे लिहिले नाही तर एक मोठी पोकळी भरल्यासारखी दिसते आणि पुढचा वाचक तिचा शोधच घेत नाही. निजामाच्या राज्यावरचा १९०९ चा प्रांतिक गॅझेटियर संपूर्ण राज्याचा असल्याने घराबद्दल त्यात फारसे मिळत नाही. महाराष्ट्र राज्याचा उस्मानाबाद जिल्ह्याचा खंड १९७२ चा आहे. लातूर हा स्वतंत्र जिल्हा १९८२ साली झाला, म्हणून त्याआधीचे बहुतेक साहित्य ‘उस्मानाबाद’ या नावाखाली शोधायचे. ग्रंथालयाच्या यादीत नुसते ‘लातूर’ शोधून ‘साहित्य उपलब्ध नाही’ असे लिहिणे ही चूक वारंवार होते.

१९६१ च्या जनगणनेची ग्रामसर्वेक्षणे या ढिगातली सगळ्यात कसदार सामग्री आहे. त्यांत घराचे साहित्य, खोल्या, वापर आणि काही ठिकाणी रेखाचित्रेही असतात. पण गावे निवडताना संख्याशास्त्रीय नमुना घेतलेला नव्हता. एखाद्या समाजाची वस्ती किंवा जुने मिश्र गाव अशा कारणांनी ती घेतली. म्हणून अशा गावावरून ‘मराठवाड्यातले घर’ म्हणता येत नाही, ‘त्या गावातली ती घरे’ एवढेच म्हणता येते.

आकडेवारीकडे वळताना २०११ च्या जनगणनेबद्दल सावध राहा. छताच्या वर्गवारीत गवत, बांबू, लाकूड, माती वगैरे एकाच रकान्यात आहेत. खांबांवर तुळया, त्यांवर लाकडी पाटण आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर असे माळवद आणि पाचटाने शाकारलेले झोपडे, दोघांची मोजणी त्यात एकत्र होते. माळवदे किती उरली याचे उत्तर या तक्त्यातून निघत नाही. टिपणात हे कारणासह लिहिले तर ती खरी उपयोगी नोंद होते.

नंतरचा ढीग मोठा आणि नेमका आहे. भिंती का पडल्या हे तो चोख सांगतो: अनघड दगडाचे आतले आणि बाहेरचे असे दोन पदर चिखलात रचलेले, दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड नाहीत, आणि वर मातीचे प्रचंड ओझे. हे ओझे स्वतः मोजून पाहण्यासारखे आहे. चोपलेल्या मातीचे वजन घनमीटरला सुमारे १६०० किलो धरले आणि थर अर्धा मीटर असला, तर एका चौरस मीटरवर ८०० किलो येतात. अनेक अहवालांत खणांच्या लाकडी सांगाड्याचीही नोंद आहे, कारण छत सांगाडा पेलतो की भिंत, यावर बरेच काही अवलंबून होते. १९९३ पूर्वी हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात होता आणि २००२ च्या सुधारित मानकात तो तिसऱ्या पट्ट्यात आला. जुन्या तांत्रिक लिखाणात या घरांच्या भूकंपसुरक्षेचा विचार का सापडत नाही, याचे एक कारण इथे मिळते.

या ढिगाची मर्यादा त्याच्या जन्मातच आहे. तो पडलेल्या घरांपासून सुरू होतो. उभी राहिलेली घरे, घडीव दगडाचे मोठे वाडे, गावकुसाबाहेरची लहान घरे यांची मोजमापे त्यात तुरळक येतात. ढेळज, माजघर, बळद, छतातले सवणे या घराच्या भागांचा वापर कोण कसा करत होते, हे बहुतेक ठिकाणी येतच नाही. अभियंत्याचा अहवाल अपुरा आहे असे म्हणून हे सोडून देऊ नये. त्याचा प्रश्नच वेगळा होता, हे टिपणात लिहावे.

दोन्ही ढिगांना जोडणारा एक स्रोत मी आधी वाचायला सांगेन: रोहित जिग्यासू यांचा नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठातला २००२ चा प्रबंध. त्यावरचे टिपण साधारण असे व्हावे:

‘मराठवाडा आणि नेपाळ येथील भूकंपप्रवण ग्रामीण समाजांचा अभ्यास. आपत्तीचा धोका कमी करण्यात स्थानिक ज्ञान आणि क्षमता यांचे स्थान काय, हा मुख्य प्रश्न. पुनर्वसन आणि घरबांधणीची परंपरा यांचा संबंध पाहण्यासाठी महत्त्वाचा. निरीक्षणे भूकंपानंतरची, त्यामुळे १९९३ पूर्वीच्या वापराबद्दलची विधाने आठवणींवर आधारलेली आहेत का, हे पृष्ठनिहाय तपासणे. प्रकरण चार आणि पाचसाठी.’

शेवटची दोन वाक्ये नसतील तर टिपण नुसता सारांश ठरतो आणि सहा महिन्यांनी तुम्हालाच उपयोगी पडत नाही.

सिद्धांताच्या पुस्तकांत एक जागा जपा. अमॉस रॅपोपोर्ट यांचे १९६९ चे पुस्तक ‘हवामान घराला आकार देते’ या वाक्याखाली सर्रास जोडले जाते. त्यांचे म्हणणे उलट आहे: सामाजिक-सांस्कृतिक घटक मुख्य, हवामान त्यात बदल घडवणारे. माळवद उन्हाळ्यात थंड राहते, हे विधान एखाद्या प्रबंधात दिसले की तळटीप उघडून पाहा. तिथे तापमानाची नोंद आहे, की आणखी एका प्रबंधाचे नाव? नाव असेल तर टिपणात ‘मोजमाप नाही, पुनरुक्ती’ असे लिहा.

पोकळ्यांसाठी सूचीत वेगळा भाग ठेवा आणि तीन गोष्टी मिसळू देऊ नका: कोणी पाहिलेच नाही, पाहिले पण प्रकाशित झाले नाही, आणि मला मिळाले नाही. ‘या विषयावर फार काम झालेले नाही’ हे वाक्य मार्गदर्शक लगेच खोडतात, आणि ते योग्यच आहे. त्याऐवजी असे लिहिता येते: ‘माळवदावर पावसाळ्याआधी नवी माती टाकण्याची रीत अहवालांत जाड थराचे कारण म्हणून येते, मात्र ती किती वर्षांनी, किती आणि कोणाच्या श्रमातून टाकली जाई, याची नोंद तपासलेल्या स्रोतांत आढळली नाही.’ मग तपासलेल्या स्रोतांची नावे. ही पोकळी भिंतीच्या वजनाशी आणि घरातल्या श्रमाशी एकाच वेळी जोडलेली आहे, म्हणून दोन्ही ढिगांच्या मधोमध बसते.

आता निवड. विषय बांधकाम, जोखीम किंवा मजबुतीकरण असेल तर कणा नंतरच्या ढिगाचा ठेवा आणि आधीचे साहित्य एका छोट्या प्रकरणापुरते घ्या. विषय पुनर्वसन असेल तरीही तेच, कारण ५२ गावांचे स्थलांतर आणि जमिनीच्या प्रमाणात दिलेली २५०, ४५० व ७५० चौरस फुटांची घरे यांची कागदपत्रे इकडेच आहेत. घरातले राहणे, खोल्यांचे व्यवहार, जात आणि जागा हा विषय असेल तर आधीचा ढीग घ्या, पण तो एकटा प्रबंध पेलणार नाही हे धरून चाला. अशा वेळी संदर्भसूची लवकर आवरा आणि भूकंपाआधी माळवदाखाली राहिलेल्या ज्येष्ठांच्या मुलाखतींसाठी वेळ राखून ठेवा. त्या सगळ्यात आधी व्हायला हव्यात.