भाकरीच्या कडा चिरू नयेत म्हणून: कोमट पाणी, आधण की उकड?

भाकरी थापायला घेतली की मधला भाग छान पसरतो आणि कडेला मात्र भेगा पडत जातात. बोटाने लिंपाव्यात तर पुढच्या चार थापांत त्या पुन्हा उघडतात. अशा वेळी आपल्याला थापताच येत नाही असं वाटू लागतं, पण दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो. पीठ किती जुनं आहे आणि ते कोणत्या पाण्यात भिजवलंय, यावर कड टिकणार की चिरणार हे ठरतं. पीठ भिजवण्याच्या तीन पद्धती घरोघरी चालतात: साधं किंवा कोमट पाणी, उकळतं आधण आणि उकड. या तिन्ही पद्धती बरोबरच आहेत. प्रश्न तुमच्या डब्यातल्या पिठाला कोणती चालेल एवढाच आहे.

आधी कडाच का चिरतात ते पाहू. चपट्या केलेल्या उंड्याचा व्यास सात सेंटीमीटर धरला, तर त्याचा घेर साधारण 22 सेंटीमीटर भरतो. थापून वीस सेंटीमीटरची भाकरी झाली की तोच घेर 63 सेंटीमीटर होतो. मधलं पीठ तळहाताखाली दाबलं जाऊन पसरतं, कडेच्या पिठाला मात्र जवळजवळ तिप्पट ताणलं जावं लागतं. गव्हाच्या कणकेत ग्लुटेन असल्याने ती असा ताण सहज सोसते. ज्वारी-बाजरीत ते नाही. त्यांचं पीठ धरून ठेवतो तो पाण्यात फुगलेला स्टार्च, आणि हा स्टार्च नीट फुगून चिकट व्हायला साधारण सत्तर अंशांच्या आसपासची उष्णता लागते. म्हणून पाण्याचा गरमपणा इथे इतका महत्त्वाचा ठरतो.

दुसरी गोष्ट पिठाची विरी, म्हणजे पीठ एकमेकाला धरून राहण्याचा चिकटपणा. ताज्या पिठात ती भरपूर असते आणि दिवस जातील तशी कमी होत जाते. ज्या घरात आठवड्यापुरतं दळण आणतात, तिथली बाई साध्या पाण्यात पीठ भिजवूनही अखंड कडेची भाकरी थापते. तिचं बघून आपण दुकानातलं महिना-दीड महिना जुनं पाकीट फोडतो, तसंच पाणी घालतो, आणि कडा फाटतात. पाकिटावर दळल्याची किंवा पॅकिंगची तारीख छापलेली असते, ती आधी बघा.

साधं किंवा कोमट पाणी चालतं ते फक्त ताज्या पिठाला. दादर-परळपासून पार बोरिवली-मुलुंडपर्यंत गल्लोगल्ली गिरण्या आहेत, त्यामुळे दोन किलो ज्वारी आणून दळून घेणं मुंबईत अवघड नाही. धान्य घेताना मालदांडी किंवा शाळू मागा आणि गिरणीवाल्याला ‘भाकरीसाठी, बारीक’ असं स्पष्ट सांगा. जाडसर दळलं तर पीठ कितीही ताजं असलं तरी कड खरखरीत राहून चिरते. दळण गरम असतानाच डब्यात भरून झाकण लावू नका, आत वाफ धरते. पसरून निवू द्या आणि मग भरा. असं पीठ ज्वारीचं असेल तर आठ-दहा दिवस कोमट पाण्यावर चांगलं चालतं. फक्त मळण्यात कसूर नको. परातीत पीठ घेऊन थोडं थोडं पाणी घालत तळहाताच्या टाचेने पुढे रगडत न्यायचं, गोळा करायचा आणि पुन्हा रगडायचं. एका भाकरीच्या पिठाला असं मिनिट-दोन मिनिटं रगडलं की ते हाताला लोण्यासारखं गुळगुळीत लागतं. या भाकरीला धान्याची चव सगळ्यात जास्त असते आणि पापुद्राही सुरेख सुटतो. वेळ असेल आणि गिरणी जवळ असेल तर माझं मत याच पद्धतीला आहे.

आधणाची पद्धत मधली, आणि मुंबईतल्या बहुतेक घरांना हीच सोयीची पडेल. दोन वाट्या ज्वारीच्या पिठाला साधारण सव्वा वाटी पाणी चिमूटभर मीठ घालून खळखळ उकळायचं. परातीत पिठाच्या मधोमध खळगा करून पाणी त्यात ओतायचं, उलथन्याने कालवायचं आणि पाच मिनिटं झाकून ठेवायचं. मग हाताला सोसेल इतकं गरम असतानाच मळायला घ्यायचं आणि लागेल तसा गार पाण्याचा हात लावत जायचं. इथे घाई आणि आळस दोन्ही नडतात. पाणी नुसतं गरम असेल, उकळलेलं नसेल, तर पिठात पडताच ते इतकं निवतं की स्टार्च पुरता फुगत नाही. आधण घालून सगळं पूर्ण गार होईपर्यंत तसंच ठेवलं, तर पीठ घट्ट होतं, मळताना त्याचे कण सुटतात आणि कड पुन्हा चिरते.

उकड म्हणजे याच्याही पुढची पायरी. दोन वाट्या पिठाला पावणेदोन ते दोन वाट्या पाणी पातेल्यात उकळायचं, मीठ घालायचं, आच मंद करून पीठ टाकायचं आणि उलथन्याच्या दांड्याने ढवळायचं. गॅस बंद करून दहा मिनिटं घट्ट झाकण ठेवायचं. नंतर परातीत काढून गरम असतानाच पाण्याच्या हाताने मळायचं. पाण्यात आणि वाफेत पीठ अर्धवट शिजलेलं असल्याने ते चांगलंच धरतं. जुन्या पिठाचीही कड सांभाळली जाते, लाटण्याने लाटली तरी भाकरी तुटत नाही आणि दुपारी एकला डबा उघडला तर बाकीच्या दोन पद्धतींपेक्षा ती मऊ असते. याचा मोबदलाही द्यावा लागतो. भाकरी थोडी चिवट होते, भाजलेल्या धान्याचा वास कमी येतो आणि पाणी जास्त झालं तर परातीला चिकटून बसते. सकाळी सातची लोकल पकडायची आहे आणि डब्यासाठी सहा-आठ भाकऱ्या करायच्या आहेत, अशा घरी मी उकडच सुचवेन. मळलेली उकड ओल्या फडक्याखाली अर्धा-पाऊण तास तशीच राहते, दर भाकरीला नव्याने मळत बसावं लागत नाही.

आमच्या मजल्यावरच्या एका वहिनींनी मध्यंतरी विचारलं, “ताई, पीठ चांगल्या दुकानातलं आहे, पाणीही गरम घेते, मग कडा का फाटतात?” पाकीट ज्वारीचं होतं आणि पॅकिंगला दीड महिना झाला होता. पाणी त्या गीझरचं घ्यायच्या. पिठाचा उंडा करून मी त्याची जाड चकती दाबली. तिच्या कडेला नखाएवढ्या लांब, आतपर्यंत गेलेल्या भेगा पडल्या. कोणालाही करता येईल अशी ही खूण आहे, आणि ती थापायच्या आधीच कळते. चकतीच्या कडेला केसासारख्या बारीक रेषा दिसल्या तर पाणी किंवा मळणं कमी पडलंय. पाण्याचा हात लावून मिनिटभर रगडलं की त्या मिटतात. भेगा खोल असतील आणि रगडूनही परत येत असतील तर पिठाची विरी गेली आहे, नुसत्या मळण्याने ती येणार नाही. त्याच पाकिटातल्या पिठाचे मग दोन भाग केले. एकावर खळखळतं आधण ओतलं, दुसऱ्याची उकड काढली. आधणाच्या चकतीला बारीक रेषा आल्या, त्या रगडल्यावर गेल्या आणि भाकरी हातभर न होता बेताच्या आकारापर्यंत नीट थापली गेली. मोठी करायला गेलं की कड विरळ होऊन पुन्हा चिरे. उकडीची भाकरी मात्र हवी तेवढी मोठी झाली. वहिनींनी त्यानंतर रोजच्यासाठी आधण ठरवलं आणि आकार थोडा लहान केला. घरात चव महत्त्वाची होती, म्हणून हा निर्णय मला पटला.

बाजरीचं गणित थोडं वेगळं आहे. बाजरीत ज्वारीपेक्षा तेलाचा अंश जास्त असतो, त्यामुळे पीठ लवकर खवट होतं, मुंबईच्या दमट हवेत तर आणखी लवकर. म्हणून बाजरी आठवड्यापुरतीच दळावी आणि पीठ फ्रिजमध्ये ठेवावं. चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून कडू लागलं तर उकड काढूनही उपयोग नाही. कड जमेल, पण भाकरी खाववणार नाही. ताज्या बाजरीलाही मी साधं पाणी सुचवत नाही, निदान आधण तरी घ्यावं. एका वेळी एकाच भाकरीपुरतं मळावं आणि लगेच थापावं, कारण मळलेली बाजरी ठेवली की कडेपासून सुकू लागते. थापतानाही ती ज्वारीपेक्षा थोडी जाड ठेवावी. भोगीला तीळ लावून करता तेव्हा तीळ मध्यभागी दाबा, कडेचं बोटभर अंतर मोकळं सोडा. कडेला दाबलेला प्रत्येक तीळ तिथे भेग सुरू करतो.

पद्धत कुठलीही निवडा, थापताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. उंडा हातावर वळताना त्याची कड ओल्या बोटांनी चोळून गुळगुळीत करा, कारण उंड्यावर राहिलेली बारीक चीरच पुढे भाकरीभर मोठी होते. परातीत पीठ पसरून थापताना उजव्या हाताची बोटं मधून कडेकडे थापत नेतात, तेव्हा डाव्या हाताचा तळवा कडेला उभा टेकवून भाकरी फिरवत राहा. त्या आधाराने कड बाहेर ढकलली जात नाही, जागच्या जागी दाबली जाते. आणि थापताना डोक्यावरचा पंखा बंद ठेवा. उकाड्यात हे जिवावर येतं, पण वाऱ्याने सगळ्यात आधी कडच सुकते.

कणीक मिसळण्याचा सल्लाही बरेच जण देतात. मूठभर कणकेने कड सांभाळली जाते हे खरं. पण ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांच्या ती कामाची नाही, आणि ताटात पडते ती भाकरी आणि पोळीच्या मधली काहीतरी. उकड हाताशी असताना त्याची गरज पडत नाही.

थापून होईपर्यंत कड अखंड होती आणि तव्यावर गेल्यावर चिरली, तर मात्र पिठाला दोष देऊ नका. तवा चांगला तापलेला हवा. पिठाची बाजू वर ठेवून भाकरी टाकली की लगेच तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा, कडेपर्यंत. बहुतेकांचा हात मध्येच फिरतो आणि कड कोरडी राहते. वरचं पाणी पूर्ण सुकायच्या आत भाकरी उलटायची. पाणी सुकून वरचा भाग पांढरा पडू लागला की तिथे तडे जातात, मग आतली वाफ त्या तड्यांतून निसटते आणि भाकरी फुगत नाही.