परदेशातल्या मुलांसाठी लिहिलेलं फराळाचं पान: आठ महिन्यांचा अनुभव

माझी वहिनी नाशिकला इंदिरानगरमध्ये घरीच फराळ करते. मुलं परदेशात, आई-वडील इथे, अशी घरं आमच्या आसपास पुष्कळ आहेत. मुलांनी तिकडून पैसे भरायचे आणि सणाचा डबा आपण इथे घरपोच द्यायचा, असं तिने गेल्या वर्षी सुरू केलं. त्यासाठीच्या वेबसाइटचा मजकूर मी लिहिला. २०२५च्या गणपतीआधी तो लोकांसमोर गेला आणि यंदा गुढीपाडव्याच्या श्रीखंडाची मागणीही त्यावरूनच आली. या आठ महिन्यांत कोणते शब्द कामी आले आणि कोणते बदलावे लागले, ते सांगते.

सुरुवातीला मी सगळा भर चवीवर दिला होता. साजूक तूप, घरची भाजणी, मंद आचेवर भाजलेलं बेसन. पण येणाऱ्या मेसेजमध्ये चवीबद्दल कोणी विचारतच नव्हतं. ‘आई तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, वर आणून द्याल ना?’ ‘बाबा अनोळखी नंबर उचलत नाहीत, मग?’ ‘डबा पोहोचला हे मला कसं कळणार?’ पैसे भरणारा तो लाडू खाणार नसतो, आणि बेल वाजेल तेव्हा दारातही नसतो. मग चवीचे दोन परिच्छेद काढले आणि त्या जागी डबा कोण नेतं, कसा देतं आणि नंतर काय कळवतं ते लिहिलं. डबा हातात दिल्यावर आम्ही डब्याचा फोटो पाठवतो, माणसाचा नाही. हेही मुद्दाम लिहिलंय, कारण घरच्या कपड्यांत असलेल्या आजींना दारात कॅमेरा धरलेला आवडत नाही, आणि ते बरोबरच आहे.

सगळ्यात मोठी चूक तारखेत झाली. गणपतीसाठी मी लिहिलं होतं, ‘२४ ऑगस्टपर्यंत ऑर्डर द्या.’ चतुर्थी २७ ऑगस्टला होती. न्यू जर्सीहून एका ताईंनी त्यांच्या २४ तारखेला रात्री नऊ वाजता पैसे भरले. तेव्हा नाशिकला २५ तारखेची सकाळ उजाडली होती, साडेसहा वाजले होते. वहिनीने आदल्या रात्रीच हिशेब करून खवा सांगून ठेवला होता. ताईंचं काहीच चुकलं नव्हतं, त्यांच्या घड्याळाप्रमाणे त्या वेळेतच होत्या. वहिनीने पुन्हा खवा आणवला आणि त्यांचे मोदक दिले, पण त्या दिवशी तिची फार धावपळ झाली.

म्हणून दिवाळीला मजकूर असा केला: ‘ऑर्डर बुधवार, १५ ऑक्टोबर, नाशिकच्या रात्री ९ वाजेपर्यंत. तेव्हा न्यू जर्सीत बुधवार सकाळचे साडेअकरा, लंडनमध्ये बुधवार दुपारचे साडेचार आणि सिडनीत गुरुवार पहाटेचे अडीच वाजलेले असतील.’ वार आणि महिन्याचं नाव दोन्ही लिहायचंच. 10/11 असं लिहिलं तर अमेरिकेतला माणूस ११ ऑक्टोबर वाचतो आणि इथला १० नोव्हेंबर.

डबा कधी पोहोचेल, हेही नुसतं ‘दिवाळीपूर्वी’ म्हणून भागत नाही. २०२५मध्ये परदेशातल्या बऱ्याच कॅलेंडरांत दिवाळी २० ऑक्टोबरला होती. आपल्याकडे लक्ष्मीपूजन २१ला होतं, पण पहिली अंघोळ २०ला पहाटे. आपल्या घरात फराळाचं ताट पहिल्या अंघोळीनंतर लागतं. तेव्हा आमची शेवटची तारीख लक्ष्मीपूजनावरून धरून चालणारच नव्हतं. ‘रविवार, १९ ऑक्टोबरच्या संध्याकाळपर्यंत डबा घरात, पहिल्या अंघोळीला ताटात’ असं लिहिलं. या एका वाक्यानंतर तारखेबद्दलचे प्रश्न जवळजवळ थांबले.

फॉर्ममध्ये आधी फक्त ‘फोन नंबर’ अशी एक जागा होती. साहजिकच लोक स्वतःचा नंबर टाकत. ऑगस्टमध्ये डबा घेऊन गेलेल्या मुलाने दुपारी साडेबारा वाजता पत्ता विचारायला फोन लावला आणि अमेरिकेत पहाटे तीन वाजता एका गृहस्थांना जाग आली. आईला काही झालं की काय, या धसक्याने ते उठून बसले. आता दोन जागा आहेत: ‘नाशिकमध्ये जे डबा घेतील त्यांचा नंबर’ आणि ‘तुमचा नंबर (फक्त मेसेजसाठी)’. खाली एक प्रश्न: ‘आधी फोन करून यायचं की अचानक आनंद द्यायचा?’ श्रीखंडासारखं फ्रिजमध्ये ठेवायचं काही असेल तर मात्र आम्ही फोन करूनच जातो, आणि तेही तिथेच लिहिलंय.

डब्यांची नावं आधी वजनावरून होती. ऑस्ट्रेलियातल्या एका मुलाने गंगापूर रोडला राहणाऱ्या आई-वडिलांना पाच किलोचा डबा पाठवला. दुसऱ्या दिवशी आईंचा वहिनीला फोन आला, ‘अगं, आम्ही दोघंच आहोत, एवढं कधी संपायचं?’ दूर असलेलं मूल प्रेमापोटी मोठ्यात मोठा डबा निवडतं आणि एक किलो चिवडा म्हणजे किती, हे त्याच्या डोळ्यांसमोर येत नाही. आता ‘दोघांपुरता’ आणि ‘शेजारी वाटण्यासह’ असे डबे आहेत आणि आत काय ते नगांत लिहिलंय. दोघांपुरत्या डब्यात बेसनाचे १२ लाडू, १५ चकल्या, ८ करंज्या, आणि चिवडा व शंकरपाळे पाव-पाव किलो. वाटण्याचा डबा जास्त जातो, कारण ‘लेकीने पाठवलंय’ म्हणत शेजारी ताट द्यायला आईला हवंच असतं.

डब्यासोबतचा निरोप वहिनी स्वतः हाताने लिहिते. लोक तो इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. एकाने ‘Mami’ लिहिलं होतं. वहिनीने ‘प्रिय मामी’ लिहिलं, आणि तो डबा त्याच्या मम्मीसाठी होता. तेव्हापासून आम्ही निरोप देवनागरीत लिहून आधी पाठवणाऱ्याला दाखवतो.

शेवटचा बदल मला कधी सुचलाच नसता. दिवाळीच्या आधी लंडनहून एका पुतणीने पंचवटीतल्या काकूंना डबा पाठवला. आम्ही नेहमीसारखं लाल-सोनेरी ‘शुभ दीपावली’चं कार्ड आणि दोन पणत्या ठेवल्या. काकूंनी डबा घेतला, कार्ड आणि पणत्या मात्र मुलाच्या हातात परत दिल्या. ‘यांना जाऊन चार महिने झाले रे. फराळ तेवढा ठेवते.’ ज्या घरात वर्षभरात कोणी गेलेलं असतं तिथे फराळ करत नाहीत, जवळचे लोक आणून देतात. पुतणीने तेच केलं होतं, आणि शुभेच्छा आम्ही लादल्या. वहिनी दुसऱ्या दिवशी स्वतः काकूंकडे जाऊन बसून आली.

त्याच रात्री निरोपाच्या चौकटीच्या लगेच खाली एक ओळ घातली: ‘घरात यंदा दुःख असेल तर इथे खूण करा. कार्ड, पणत्या न ठेवता साधा डबा देऊ.’ खाली नियमांच्या गर्दीत ती कोणी वाचली नसती. भाऊबीजेपर्यंत दोघांनी खूण केली. त्यातल्या एकीने निरोपात लिहिलं होतं, ‘दादा गेल्यानंतरची पहिली दिवाळी. डबा दारात ठेवू नका, आईच्या हातात द्या, आणि दोन मिनिटं थांबा.’ तो डबा वहिनी घेऊन गेली आणि तासाभराने परत आली.